वय, गाव, नोकरी न सांगणारं आणि तरीही आपलंसं वाटणारं टोपणनाव

यूजरनेमचा रिकामा रकाना समोर आला की बहुतेकांचा हात आपसूक ओळखपत्राकडे वळतो. नावाचा तुकडा, कामाचा तुकडा आणि शेवटी एक आकडा. `nightnurse87` हे नाव पाहा. टाईप करायला दहा सेकंद लागली असतील, पण वाचणाऱ्याला त्यातून व्यवसाय कळला, रात्रपाळी कळली आणि बहुधा जन्मसालही कळलं. त्या व्यक्तीने अजून एक वाक्यही लिहिलेलं नाही.

यातला कुठलाही तुकडा एकटा निरुपद्रवी असतो. घोटाळा ते एकत्र आले की होतो. अमेरिकेत संशोधक लताना स्वीनी यांनी 2000 साली 1990 च्या जनगणनेवरून हिशेब मांडला होता. पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढंच माहीत असेल, तर तिथल्या सुमारे 87 टक्के लोकांच्या बाबतीत तो संच एकाच माणसाला लागू पडू शकतो. 2006 मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने पुढच्या जनगणनेवर तेच गणित केलं, तेव्हा आकडा 63 टक्क्यांच्या आसपास आला. दोन्हींपैकी कुठलाही धरा. तीन साध्या गोष्टी आणि त्यात नाव कुठेच नाही, तरीही निम्म्याहून जास्त लोक उघडे पडतात. टोपणनावात वय, गाव आणि काम या तिन्हींचा मागमूस नको, तो यासाठी.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात. `user_x7741` किंवा संकेतस्थळानेच सुचवलेले दोन असंबद्ध शब्द आणि चार आकडे. सुरक्षित आहे, पण अशा नावाशी कुणी गप्पा मारत नाही. लोकांना ते लक्षात राहत नाही, हाक मारता येत नाही आणि जुन्या मंडळींना वाटतं की हा आज आला, उद्या जाणार. या दोन टोकांच्या मधलं नाव कसं घडवायचं, ते आता क्रमाने पाहू.

आधी आकडा काढून टाका

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. नावात दोन आकडी संख्या दिसली की वाचणारा ती जन्मसाल म्हणूनच वाचतो. चार आकडी दिसली तर जन्मसाल किंवा शिक्षण संपल्याचं साल. तुम्ही तो आकडा घराच्या क्रमांकावरून घेतला असेल किंवा खेळाडूच्या जर्सीवरून, वाचणाऱ्याला ते कुठे ठाऊक? तो चुकीचं वय ठरवेल आणि तुमच्याशी त्या हिशेबाने बोलेल. घराचा क्रमांक खराच असेल तर ते आणखी वाईट.

आकड्यांचा दुसरा त्रास असा की काहींना स्वतःचे अर्थ चिकटलेले असतात. 88 हा आकडा नवनाझी गट खुणेसारखा वापरतात, कारण इंग्रजी वर्णमालेत एच हे आठवं अक्षर आहे, आणि दोन एच म्हणजे 'हाइल हिटलर'. 1988 साली जन्मलेली एखादी गरीब बिचारी व्यक्ती हौसेने तो लावते आणि परदेशी मंडळी तिच्यापासून चार हात लांब का राहतात, हे तिला कधी कळतच नाही. नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर शेवटी आकडा चिकटवू नका, शब्द बदला. शब्दांचा तुटवडा नाही.

वय, गाव आणि काम कुठून गळतं

वय फक्त आकड्यातून कळत नाही. `kaka`, `aaji`, `papa_of_two` ही नावं पिढी सांगतात. लहानपणच्या एखाद्या कार्टूनमधलं पात्र तुमचं वय चार-पाच वर्षांच्या फरकाने सांगून टाकतं, कारण ती मालिका ठरावीक वर्षांतच लागत असे. अमुक काळात सगळ्यांच्या तोंडी असलेला बोलीतला शब्दही तेच करतो.

गाव सांगायला गावाचं नाव लागत नाही. दूरध्वनीचा विभाग क्रमांक, गाडीच्या पाटीवरची अक्षरं, जवळची नदी, टेकडी, किल्ला, स्थानिक संघ, यातलं काहीही पुरतं. एकाच भागात बोलला जाणारा शब्दही पुरतो. तो तुम्हाला रोजचा वाटतो, बाहेरच्याला लगेच खटकतो. म्हणून निवडलेला शब्द तुमच्या भागाबाहेरच्या माणसालाही सहज कळतो का, हे पाहा. कळत असेल तर तो जागा सांगत नाही.

कामाचं मात्र जरा अवघड आहे, कारण आपण दिवसभर तेच करतो आणि विनोदही त्यातूनच सुचतात. हुद्दा टाळणं सगळ्यांना जमतं. गळते ती धंद्याची भाषा. रोज वापरायचं यंत्र, कचेरीतल्या प्रकल्पाचं घरगुती नाव, पाळीची वेळ, फक्त त्याच क्षेत्रातल्या माणसाला हसू येईल असा शब्द. बाहेरच्याला यातलं काही कळणार नाही, हे खरं. पण तुम्हाला लपायचं असतं ते बहुधा बाहेरच्यापासून नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या माणसापासून. आणि नेमकं त्यालाच ते कळतं.

म्हणून प्रत्येक नाव दोन वाचकांच्या नजरेतून तपासायचं. पहिला वाचक पूर्ण अनोळखी. नाव वाचून त्याला तुमच्याबद्दल एखादी मोजता येण्यासारखी गोष्ट कळते का? दुसरा वाचक तुम्हाला रोज भेटणारा. नाव वाचून त्याच्या डोक्यात तुमचा चेहरा येतो का? नवखे लोक पहिल्या वाचकाचा विचार करतात आणि दुसऱ्याला विसरतात.

नावाचं साहित्य कुठून आणायचं

तुम्ही कोण आहात, याची उत्तरं बाजूला ठेवली तर नाव आपलंसं होणार कशाने? तुम्ही काय बघता आणि कसे वागता, यातून. वय, गाव, नोकरी या गोष्टी कागदपत्रांत नोंदलेल्या असतात, म्हणून त्या शोधता येतात. पेनाचं टोपण चावायची खोड कुठल्याच कागदपत्रात नसते.

कागद घ्या आणि अशा दहा-पंधरा बारीक गोष्टी लिहा, ज्या तुमच्याच आहेत पण ज्यांची कुठे नोंद नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजत चढायची सवय. पावसाचा पहिला थेंब खिडकीवर कुठे पडतो ते बघणं. पुस्तक शेवटच्या पानापासून चाळणं. बेसूर गुणगुणणं. एका पायातला मोजा कायम हरवणं. सुतळी, बटणं, रिकाम्या डब्या जपून ठेवणं. छंद लिहू नका. छंदाला संघ असतो, स्पर्धा असते, सदस्यांची यादी असते, आणि तिथे लोक तुम्हाला ओळखतात. छंदाच्या आसपासची सवय लिहा.

मग प्रत्येक गोष्टीतून एक वस्तू किंवा प्राणी उचला, आणि त्याला एक स्वभाव द्या. एक विशेषण, एक नाम, एवढाच साचा नवख्यांना पुरतो. विशेषण नावाला सूर देतं आणि नाम लोकांच्या लक्षात राहतं. नाम लहान आणि हातात मावणारं असेल तर नाव मायाळू वाटतं. बटण, गोगलगाय, पणती, भोवरा. वादळ, वाघ, सम्राट अशी नावं घेणाऱ्यांशी लोक आधीच थोडे सावध बोलतात. असं का होतं, हे शोधत बसण्यात अर्थ नाही, पण होतं खरं.

स्वतःची थट्टा चालते, रडगाणं नको. `gondhalleli_gogalgay` ऐकून कुणी हसेल. `kunich_nahi_majha` ऐकून पहिल्या दिवशी चार लोक विचारपूस करतील आणि महिनाभराने तेच नाव तुम्हालाच नकोसं होईल.

मराठीतली एक खास गळती

मराठी विशेषणं लिंग सांगून मोकळी होतात. हसरा, हसरी, हसरं. भित्रा, भित्री, भित्रं. `hasri_chimni` वाचलं की समोर बाई आहे असं लोक धरून चालतात, `bhatka_bhovra` वाचलं की पुरुष. लिंग सांगायला तुमची हरकत नसेल तर प्रश्नच नाही. पण वर स्वीनींच्या गणितात लिंग हा तीनपैकी एक तुकडा होता, हे लक्षात ठेवा. वय-गाव लपवून तिसरा तुकडा फुकट वाटण्याचं कारण नाही.

यातून सुटायला दोन वाटा आहेत. एक, न बदलणारं विशेषण घ्या. निवांत, सावकाश, उनाड, आखूड, मिश्कील, अर्धवट, लाजाळू, आळशी. उनाड मुलगा, उनाड मुलगी, उनाड पोर, शब्द तोच. दुसरी वाट, नपुंसकलिंगी नाम घ्या. हसरं कासव, भित्रं कोकरू. विशेषण बदललं तरी ते कासवाचं असतं, तुमचं नव्हे.

बोलायला लागल्यावर क्रियापद दगा देतं, ते वेगळं. 'मी गेलो', 'मी गेले', 'मी करतो', 'मी करते' यात लिंग उघड आहे. 'मी वाचलं', 'मी पाहिलं', 'मला वाटलं', 'मी सांगेन' यात नाही. काही लोक वर्षानुवर्षं इतक्या सफाईने असं लिहितात की वाचणाऱ्याला काही राहून गेल्याचा संशयही येत नाही. पण ही कसरत रोज जमणार नसेल तर निदान नावाने तरी आधीच जाहीर करू नका. मग कधी सांगायचं, ते तुमच्या हातात राहतं.

एक नाव घडवून पाहू

समजा, एक बाई औषधांच्या दुकानात काम करतात. त्यांना अलीकडे कमी ऐकू येऊ लागलंय. अशाच त्रासातून गेलेल्या लोकांशी बोलायचंय, पण दुकानाच्या मालकाला आणि रोजच्या गिऱ्हाइकांना ते कळायला नको, कारण समोरच्याने सांगितलेलं औषध नीट ऐकू येणं हे त्यांच्या कामातच येतं. म्हणजे इथे दुसरा वाचक कोण, हे स्पष्ट आहे. दुकानातला सहकारी.

त्यांना पहिलं नाव सुचतं `davaicha_dabba`. गोड आहे, पण काम सांगतं. दुसरं सुचतं `bahiri_maina`. यात आजारच नावात आला, शिवाय लिंगही. आजार नावात घालू नये, याचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. उद्या त्याच ठिकाणी बागकामाबद्दल काही विचारायचं झालं तर तिथेही तो पाटीसारखा लटकत राहतो.

मग त्या यादी करतात. शब्दकोड्यातला शेवटचा चौकोन मुद्दाम रिकामा ठेवणं. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी होईपर्यंत वापरणं आणि ते तुकडेही डबीत साठवणं. छत्री विसरणं. झाडांशी बोलणं.

शब्दकोड्यातून `rikama_chaukon` निघतं. छान आहे. पण जेवणाच्या सुट्टीत त्या कोडं सोडवतात आणि शेवटचा चौकोन तसाच ठेवतात, यावरून दुकानात रोज चिडवाचिडवी होते. सहकाऱ्याने हे नाव पाहिलं तर त्याला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. बाद. छत्री विसरणारे लाखो लोक आहेत, त्यामुळे `visarleli_chhatri` सुरक्षित आहे, पण ते त्यांचं वाटत नाही, आणि कुणीतरी नक्कीच घेतलेलं असणार. राहिल्या पेन्सिली. ती डबी घरातल्या कपाटात असते, दुकानात कुणाला ठाऊक नाही. `pencilcha_tukda` लांब वाटतं आणि रोमन अक्षरांत तुकडा `tukda` लिहायचा की `tukada`, हा प्रश्न उरतो. आखूड पेन्सिल. `akhud_pencil`. विशेषण न बदलणारं, नाम लहान, वय नाही, गाव नाही, काम नाही. पेन्सिल कुठेही असते. आणि तरी ज्यांचं हे नाव आहे, त्यांना ते वाचून आपली डबी आठवते. (हे नाव आता इथे छापलं गेलंय, त्यामुळे कृपा करून कुणी उचलू नका. उदाहरणातली नावं वापरणारे पुष्कळ असतात.)

आता हाक मारून बघायची. टोपणनावं लोक कधीच पूर्ण वापरत नाहीत, तोडून घेतात. 'पेन्सिल, तुमचं म्हणणं पटलं.' 'अहो पेन्सिल, आहात कुठे?' ऐकायला बरं वाटतं. तुमचं नाव तोडल्यावर काय उरतं, ते मोठ्याने म्हणून पाहा. `gupchup_gondhal` चं उद्या 'गोंधळ' होणार, आणि कुणाचा तरी प्रश्न सोडवताना 'गोंधळ यांनी सांगितल्याप्रमाणे करा' असं वाक्य तयार होणार. काहींना ते आवडेलही.

शेवटची कसोटी दुःखाची. माणसं एकत्र बोलतात तिथे कधीतरी कुणाचं तरी कुणी जातं. तुमचं नाव आणि त्याखाली 'वाचून फार वाईट वाटलं, सांभाळा' हे वाक्य, अशी जोडी लिहून पाहा. `akhud_pencil` खाली ते शोभतं. `khokhokho_bhoot` खाली नाही. मजेशीर नावाचा मोह आवरायला एवढं एक वाक्य पुरतं.

अक्षरं बसवताना

देवनागरी नावं चालतात तिथे एक अडचण येते. ह्रस्व-दीर्घ. 'आखूड' आणि 'आखुड' ही यंत्राच्या लेखी दोन वेगळी नावं. एकजण तुम्हाला हाक मारायला जातो आणि ती पोचत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसरा कुणी फक्त उकार बदलून तुमच्या नावासारखं नाव घेऊ शकतो. शिवाय 'ऱ्य' सारखी जोडाक्षरं दोन-तीन पद्धतींनी टाईप होतात, दिसतात सारखी, पण आत वेगळी असतात. देवनागरीत नाव हवं असेल तर ज्याच्या ह्रस्व-दीर्घाबद्दल वाद नाही आणि ज्यात अवघड जोडाक्षर नाही, असा शब्द घ्या. कासव, बटण, भोवरा.

रोमन अक्षरांत उलटा प्रश्न. एकाच मराठी शब्दाची चार स्पेलिंगं होतात. ज्या शब्दाचं स्पेलिंग ऐकणारा पहिल्याच प्रयत्नात बरोबर लिहील तो उत्तम. लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा अनेक टायपांत सारखेच दिसतात, तसंच ओ आणि शून्य. ते एकमेकांशेजारी येऊ देऊ नका. दोन शब्द जोडून लिहिले तर मधोमध भलताच तिसरा शब्द तयार होत नाही ना, हेही पाहा. मराठी शब्द मराठी डोळ्यांनी वाचला की तो दिसत नाही. मधे अधोरेषा टाकली की ही भीती बहुतेक जाते.

लांबीचे नियम ठिकाणागणिक वेगळे. रेडिटवर 3 ते 20 अक्षरं चालतात, डिस्कॉर्डवर 2 ते 32, आणि तीही फक्त लहान लिपीतली. बारा-पंधरा अक्षरांत बसवलं तर सहसा कुठे अडत नाही.

नोंदणीच्या आधी शोध

नाव ठरलं की ते अवतरणचिन्हांत घालून दोन-तीन शोधयंत्रांवर शोधा. असं:

```
"akhud_pencil"
"akhudpencil"
```

आपल्याच जुन्या खात्यातलं काही सापडलं तर ते नाव सोडून द्या. दुसऱ्या कुणाचं सापडलं तर तो काय लिहितो ते वाचा. त्याची भांडणं उद्या तुमच्या नावावर जमा होतील. आणि एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. ज्या सवयीवरून नाव घेतलं ती सवय तुम्ही खऱ्या नावाने कधी कुठे लिहिली आहे का, हे आठवा. पेन्सिलींच्या डबीचा फोटो खऱ्या नावाच्या खात्यावर टाकलेला असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

एकदा वापरलेलं नाव दुसरीकडे नेऊ नका. 2011 साली काही संशोधकांनी एक कोटीच्या आसपास यूजरनेम तपासली. बहुतेक नावं इतकी वेगळी असतात की दोन ठिकाणी तेच किंवा थोडंसं बदललेलं नाव दिसलं तर ते एकाच माणसाचं असण्याची शक्यता गणिताने काढता येते, असं त्यांना आढळलं. हे गणित हाताने करायचीही गरज नाही. 'शेरलॉक' नावाचं फुकट साधन एक नाव घेऊन शेकडो संकेतस्थळांवर ते आहे का, हे मिनिटांत सांगतं. म्हणजे नाव जितकं खास, तितकं ते एकाच ठिकाणी वापरणं महत्त्वाचं. `nivant_kasav` सारखं नाव पाचजणांचं असू शकतं, `akhud_pencil` बहुधा एकाचंच. आजाराबद्दल बोलायचं एक नाव, छंदासाठी दुसरं. दोन्ही एकाच कागदावरच्या यादीतून काढता येतात, फक्त एकमेकांची भावंडं वाटू देऊ नका. एकीकडे आखूड पेन्सिल आणि दुसरीकडे आखूड खडू असं झालं तर कुणीतरी दुवा जोडेलच.

नोंदणीच्या दिवशी

या खात्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा आणि त्या पत्त्यातही खरं नाव घालू नका. काही ठिकाणी ईमेल पत्त्यावरून आपोआप चित्र लागतं. ग्रॅव्हॅटार ही सेवा पत्त्याचं सांकेतिक रूप करून त्याला जोडलेला फोटो उचलते. खऱ्या नावाने वापरता तोच पत्ता दिलात तर आखूड पेन्सिलीशेजारी तुमचा हसरा चेहरा हजर, आणि तुम्हाला तो दिसायच्या आधी इतरांना दिसलेला.

बऱ्याच ठिकाणी दोन नावं असतात. एक लॉगिनचं, जे प्रोफाइलच्या पत्त्यात दिसतं, आणि एक वर ठळक दिसणारं. लोक वरचं बदलतात आणि खालचं विसरतात. नोंदणी झाल्यावर बाहेर पडा आणि लॉगिन न करता आपलं पान उघडा. अनोळखी माणसाला काय दिसतं, ते तसंच कळतं. जन्मतारीख, ठिकाण, व्यवसाय हे रकाने रिकामे ठेवा. जन्मतारीख देणं सक्तीचं असेल तर निदान ती इतरांना दिसणार नाही अशी मांडणी करा. चित्र स्वतः काढलेलं साधं रेखाटन असलं तर उत्तम, कारण फोटोच शोधयंत्राला देऊन त्याचं मूळ शोधता येतं.

नाव पक्कं करण्याआधी नियम वाचा, कारण ते बदलता येईल असं गृहीत धरता येत नाही. रेडिटवर स्वतः निवडलेलं यूजरनेम नंतर बदलता येत नाही. विकिपीडियावर बदलून मिळतं, पण जुनं नाव कुठलं आणि नवं कुठलं, याची नोंद सगळ्यांना दिसते. जिथे सहज बदलता येतं तिथेही इतरांनी तुम्हाला उद्देशून लिहिलेल्या जुन्या उत्तरांत पहिलं नाव तसंच राहतं. म्हणून नावातून काही गळतंय असं नंतर लक्षात आलं तर नाव बदलू नका. ते खातं शांतपणे बंद करा आणि वेगळ्या पत्त्यावरून, वेगळ्या नावाने नवं काढा. 'मी म्हणजे आधीचा अमुक' असं सांगायचा मोह होतो, आणि सांगितलं की दोन्ही खाती जोडली जातात.

नाव काय करू शकत नाही

टोपणनाव तुम्हाला इतर वाचकांपासून झाकतं. ते ठिकाण चालवणाऱ्याकडे तुमचा ईमेल आणि जोडणीचा आयपी पत्ता असतो, तिथे पेन्सिलीचा काही उपयोग नाही.

आणि तुम्ही जे लिहिता, तेही नावाच्या हाती नाही. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध खुले केले. नावं काढून आकडे घातले होते. आकड्याइतकं निनावी दुसरं काय असणार? तरी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बातमीदारांनी 4417749 या आकड्यामागची व्यक्ती काही दिवसांत शोधून काढली, कारण तिच्या शोधांत तिच्या गावातल्या सेवा आणि तिच्या आडनावाची माणसं होती. एकेक शोध साधाच होता.

तेव्हा पेन्सिलबाईंनी 'आज आमच्या दुकानात' असं लिहिलं की नाव कितीही चोख असो, गळती सुरू झाली. त्याऐवजी 'आज कामावर' पुरतं. 'चौदा वर्षं हेच काम करते' च्या जागी 'बरीच वर्षं'. 'काल इथे गारा पडल्या' हे वाक्य तर दिवसासकट गाव सांगतं, कारण गारा कुठे पडल्या हे बातम्यांत असतं. असं लिहायचं असलं तर दोन आठवड्यांनी लिहावं, तारीख न घालता.

महिन्यातून एकदा लॉगिन न करता आपल्या नावाखालचं सगळं लेखन एका बैठकीत वाचा आणि दुकानातल्या सहकाऱ्याच्या नजरेने वाचा. एकेक नोंद लिहिताना दिसत नाही ते ओळीने वाचताना दिसतं. गाव, वय, काम यातलं एखादं कळत असेल तर त्या नोंदी दुरुस्त करा. दोन कळत असतील तर यादीचा कागद पुन्हा बाहेर काढा. त्यात छत्री अजून शिल्लक आहे, झाडंही आहेत.